कानापर्यंत किती पोहोचते?

अलीकडे मोबाइलवरील संगीताच्या जाहिरातींत 'लॉसलेस' आणि 'हाय-रेझोल्यूशन' हे दोन शब्द वारंवार दिसतात. गाण्याच्या नावाखाली लहानशी सोनेरी खूण झळकते आणि ऐकणाऱ्याला वाटते की गायकाच्या कंठातून निघालेला स्वर जसाच्या तसा आपल्या कानात उतरतो आहे. माझी हयात बँकेत आकड्यांची उलटतपासणी करण्यात गेली. जमेच्या बाजूस एखादा मोठा आकडा दिसला की तो खात्यात प्रत्यक्ष पोहोचला का, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून या सोनेरी खुणेचाही हिशेब मांडून पाहिला. आमच्या घरात त्या हिशेबावर एक खर्चिक निर्णय अवलंबून होता, हे दुसरे कारण. त्याविषयी पुढे येईलच.

प्रथम मूळ रक्कम किती ते पाहू. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनी साठवण्याची पद्धत अशी की, ध्वनिलहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचे. डाव्या व उजव्या कानासाठी अशा दोन नोंदी. ४४,१०० गुणिले १६ गुणिले २ केले की सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात, म्हणजे सुमारे १,४११ किलोबिट. 'हाय-रेझोल्यूशन' म्हणून मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणात हेच मोजमाप सेकंदाला ९६,००० वेळा आणि २४ बिटांत होते. ते सेकंदाला ४,६०८ किलोबिट भरते.

'लॉसलेस' म्हणजे ही रक्कम एक पैसाही न गमावता कमी जागेत ठेवणे. फ्लॅक नावाच्या पद्धतीत हे कसे होते, ते आपल्या वाचकांतील व्यापाऱ्यांना चटकन समजेल. रोजची संपूर्ण शिल्लक पुनःपुन्हा न लिहिता, मागच्या काही दिवसांवरून आजचा अंदाज बांधायचा आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा वहीत टिपायचा. फरकाचे आकडे लहान असतात, म्हणून वही पातळ होते. पण त्यावरून प्रत्येक दिवसाची शिल्लक अचूक परत काढता येते. एरवीच्या एमपी३ किंवा एएसी पद्धती वेगळ्या आहेत. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, या अनुभवाचा आधार घेऊन त्या न जाणवणारा भाग टाकून देतात. हे आपण लहान नोंदी पूर्णांकात घेतो तसे आहे. एकदा सोडलेले पैसे परत मिळत नाहीत.

आता वाटेतले जकात नाके. फोनमध्ये पूर्ण रक्कम आली असे धरू. तेथून इअरबड्सपर्यंतचा प्रवास ब्लूटूथच्या लहरींवरून होतो. संगीतासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या ब्लूटूथचा कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला ३ मेगाबिट आहे. पत्ता, पोहोचपावती आणि चुकलेले पुडके पुन्हा पाठवणे यांत त्याचा मोठा भाग खर्च होतो. अगदी अनुकूल स्थितीतही सुमारे २.१ मेगाबिटच हाती लागतात. त्यातही ही लहर वायफायच्याच पट्ट्यात चालते, आणि मानवी शरीरातील पाणी ती शोषून घेते. फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवला आणि आठवडी बाजाराच्या गर्दीतून निघालो, की आवाज तुटतो तो यामुळेच.

म्हणून फोन गाणे इअरबड्सकडे सोडण्यापूर्वी ते पुन्हा एकदा आवळतो. हे आवळणे ज्या पद्धतीने होते तिला कोडेक म्हणतात. सर्व उपकरणांना समजणारा कोडेक एसबीसी. त्याची नेहमीची वरची मर्यादा सुमारे ३२८ किलोबिट. आयफोन आपल्या इअरबड्सना एएसी कोडेकने जवळपास २५६ किलोबिट देतो. अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये लॉसलेस संगीत सुरू केले, तेव्हा ब्लूटूथची जोडणी लॉसलेस नसते हे तिने स्वतःच्या मदतपानावर स्पष्ट लिहिले आहे. जाहिरात वाचणारे ते पान सहसा उघडत नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये सोनी कंपनीचा एलडॅक मिळतो. तो ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिटांवर चालतो. मात्र ९९० वरही तो काही भाग टाकतोच. त्यावर हाय-रेझचे चिन्ह असले तरी तो लॉसलेस नव्हे. अपवाद एकच ठळक: क्वालकॉम कंपनीचा अ‍ॅप्टएक्स लॉसलेस. फोन आणि इअरबड्स दोन्हींत त्याची सोय असेल आणि लहरींना अडथळा नसेल, तर सीडीच्या दर्जाचा ध्वनी तो न गमावता नेतो. अडथळा आला की तोही खाली उतरतो. ४,६०८ किलोबिटांचे हाय-रेझ मात्र या वाटेने अखंड जाऊच शकत नाही. तीन मेगाबिटांच्या नळीतून साडेचार मेगाबिट कसे जाणार?

आपला फोन कोणता कोडेक वापरतो हे अँड्रॉइडवर पाहता येते. फोनच्या माहितीपानावरील Build number वर सात वेळा बोट टेकवले की Developer options उघडतात. त्यात Bluetooth Audio Codec या ओळीखाली चालू कोडेक दिसतो. एलडॅक असेल तर खाली त्याचा दर निवडण्याची ओळही असते. तेथे Best Effort (Adaptive Bit Rate) असेल तर फोन परिस्थिती पाहून दर कमीजास्त करतो. म्हणजे खोक्यावर ९९० छापलेले असले तरी बसस्थानकात उभे असताना आपण बहुधा त्याच्या एक तृतीयांशावर असतो.

एवढ्यावरून 'मग सगळे व्यर्थ' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रक्कम कापली गेली हे खरे. पण जे कापले ते आपल्याला ऐकू येणारे होते का, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर गणिताने मिळत नाही. ऐकूनच पाहावे लागते, तेही नाव न कळता.

साखरखेर्ड्यातील आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, हा विषय घरात आणला. त्यांचे वय ७८. मंदिरात पूजेच्या वेळी स्तवने म्हणताना पुष्कळ वर्षे टाळ त्यांच्या हाती असे. गेली दोन-तीन वर्षे फोनवर स्तवने ऐकताना ते म्हणत, "टाळ वाजतो, पण त्याची किणकिण उरत नाही. तुमच्या या फोनमध्ये आवाज दाबला जातो." पुतण्याने यावर उपाय काढला: वीस हजारांच्या आसपासचे हाय-रेझ इअरबड्स आणि लॉसलेस सेवेची वार्षिक वर्गणी. खर्च मी करावा असे ठरत होते. मी म्हटले, "आधी ऐकून पाहू, मग पैसे देऊ."

माझी नात छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आली, तेव्हा आम्ही दोन दिवस हाच उद्योग केला. मंडळाने म्हटलेले एक स्तवन तिने हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने मुद्रित केले. टाळ, मृदंग, हार्मोनियम आणि चार आवाज. टाळ मुद्दाम घेतला. टाळाचा ठोका अचानक पडतो आणि त्याचे उंच स्वर दीर्घकाळ रेंगाळतात. आवळणाऱ्या पद्धतींना हा प्रकार जड जातो. त्या ध्वनीचे लहान लहान तुकडे करून काम करतात. एएसीचा साधारण तुकडा १,०२४ नोंदींचा, म्हणजे सेकंदाच्या सुमारे ४३व्या भागाइतका. तुकड्यात कोठेही झालेली चूक त्या संपूर्ण तुकड्यात पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी असेल तर त्याची सावली ठोक्याच्या आधीच ऐकू येते. बारीक 'फस्स' असा काहीसा आवाज. चांगले रूपांतरक अशा जागी तुकडे आणखी लहान करून ही सावली झाकतात, पण त्यांना पुरेसे बिट द्यावे लागतात.

त्या मुद्रणाच्या नातीने चार प्रती केल्या: मूळ हाय-रेझ, सीडीच्या दर्जाची, २५६ किलोबिट एएसी आणि ६४ किलोबिट एमपी३. नंतर शेवटच्या दोन्ही पुन्हा साध्या वेव्ह स्वरूपात आणल्या, म्हणजे नावावरून वा आकारावरून ओळख पटू नये. एमपी३ करताना सुरुवातीला क्षणभराची शांतता जोडली जाते. ती तिने कापून टाकली, नाहीतर गाणे किंचित उशिरा सुरू होण्यावरूनच प्रत ओळखता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चारही प्रतींचा आवाज काटेकोर सारखा केला. एक डेसिबल मोठी प्रत कानाला 'अधिक स्पष्ट' वाटते, आणि दुकानातील बहुतेक तुलना येथेच फसतात.

रीत अशी: प्रथम दोन्ही प्रती नावानिशी ऐकवायच्या. मग नात पडद्याआड नाणे उडवून त्यांतील एक लावणार आणि ऐकणाऱ्याने ती कोणती ते सांगायचे. असे १६ वेळा. नुसत्या अंदाजाने १६ पैकी ८ बरोबर येणे स्वाभाविक आहे. १२ किंवा अधिक निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता शेकडा चारच्या आत आहे. म्हणून १२ ही उत्तीर्ण होण्याची रेषा ठरवली.

पहिली फेरी तारेच्या हेडफोनवर, म्हणजे ब्लूटूथचा अडसर नसताना. मूळ हाय-रेझ विरुद्ध सीडी: माझे ७ बरोबर, पुतण्याचे ९, सतरा वर्षांच्या नातवाचे ८. सीडी विरुद्ध २५६ एएसी: मला ८, पुतण्याला ७, नातवाला १०. त्याचे कान तरुण, तरी रेषा गाठता आली नाही. दुसरी फेरी उसन्या आणलेल्या एलडॅक इअरबड्सवर. तीच सीडी-प्रत एकदा ९९० वर आणि एकदा एसबीसीवर लावली. येथे कोडेक बदलताना जोडणी क्षणभर तुटते आणि कानातील स्मृती फार अल्पजीवी असते, म्हणून परीक्षा थोडी कठीण झाली. निकाल ८, ९ आणि १०. तिसऱ्या फेरीत ६४ किलोबिटांची प्रत आली आणि चित्र पालटले. नातवाने १६ पैकी १६ ओळखले, पुतण्याने १५, आणि ६६ वर्षांच्या माझ्या कानांनीही १४. टाळाची किणकिण पाण्याखालून आल्यासारखी, विरघळल्यासारखी वाटत होती. फरक असेल तर तो ऐकू येतो, एवढे त्या फेरीने दाखवले. आधीच्या फेऱ्यांत परीक्षा सदोष होती म्हणून आम्ही चुकलो, असे म्हणता येत नाही.

तीन माणसांच्या घरगुती परीक्षेने जगाचा निकाल लागत नाही. पण मोठ्या प्रमाणावर झालेले प्रयोग याच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, उत्तम ध्वनियंत्रणांवर हाय-रेझ ध्वनी मध्येच सीडीच्या दर्जातून फिरवून ऐकवला गेला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर. नाणेफेकीहून वेगळे काही नाही. पुढे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचे साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र तपासले. एकूण बरोबर उत्तरे ५२.३ टक्के भरली. प्रशिक्षित श्रोत्यांत ती ६० टक्क्यांच्या घरात गेली. म्हणजे फरक शून्य आहे असे म्हणता येत नाही; पण तो शांत खोलीत, तारेच्या उंची उपकरणांवर, सराव केलेल्या कानांना कसाबसा सापडतो. मोटारसायकलच्या आवाजात कानात खोचलेल्या बड्सवर तो शोधणे म्हणजे सोनाराचा काटा बाजारसमितीच्या धान्यकाट्याशेजारी मांडण्यासारखे आहे.

याचे एक कारण कानाच्या रचनेतच आहे. निरोगी तरुण कानाची वरची मर्यादा सेकंदाला २०,००० कंपने. सीडी २२,००० पर्यंतची कंपने साठवते; ९६ किलोहर्ट्झचे मुद्रण ४८,००० पर्यंत जाते, आणि तो वरचा अर्धा भाग वटवाघळांच्या उपयोगाचा. वयपरत्वे आपली मर्यादा खाली सरकते. नातीने फोनवर शुद्ध स्वर वाजवून पाहिले: नातू १७,००० पर्यंत ऐकत होता, मी ९,५०० च्या पुढे काही ऐकले नाही. माझ्या कानांपुरते सीडीचे वरचे अर्धे घर रिकामेच आहे.

दादांची परीक्षा आम्ही शेवटी घेतली, आणि ती सोळा वेळा घ्यावी लागली नाही. ६४ किलोबिटांची पाणचट प्रत आणि मूळ प्रत त्यांना अगदी एकसारख्या वाटल्या. मग मी मंदिरातला खरा टाळ आणवला आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर वाजवला. ते थोडा वेळ गप्प राहिले. "याचीही किणकिण येत नाही रे," म्हणाले. फोनकडे पाहण्याचे कारण तेथेच संपले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांची श्रवणतपासणी करवली. तिच्या आलेखात १,००० कंपनांपर्यंत ठीक, ४,००० ला ५५ डेसिबल आणि ८,००० ला ७५ डेसिबलची घट. टाळाची किणकिण नेमकी याच पट्ट्यात असते. 'स' आणि 'श' यांतील धारही तेथेच असते, म्हणून वहिनींचे निम्मे बोलणे त्यांना अस्पष्ट वाटत होते. कोडेकमुळे पडणारा फरक या घटीपुढे नगण्य आहे. वीस हजार रुपये श्रवणयंत्राच्या पहिल्या हप्त्याकडे वळवले. फोनमध्येही सोय असते: आयफोनवरील Headphone Accommodations श्रवणतपासणीचा आलेख घेऊन काही ठरावीक इअरफोनवर उंच स्वर तेवढे उचलून देते, आणि अँड्रॉइडवर Sound Amplifier हे अ‍ॅप आहे. अर्थात डॉक्टरांना विचारूनच; घट झालेल्या कानावर नुसता मोठा आवाज सोडणे हानिकारक ठरते.

वायरलेस बड्सवर आवाज खरोखर बिघडतो तो इतर कारणांनी, आणि ती ओळखणे सोपे आहे. रबरी टोपी कानात घट्ट बसली नाही की मृदंगाचा बायाँ नाहीसा होतो. ती बोटाने हलकेच दाबून पाहावी, घुमारा लगेच परतला तर दोष टोपीच्या मापाचा. बड्समधील मायक्रोफोन सुरू झाला, म्हणजे कॉल किंवा ऑनलाइन वर्ग चालू झाला, की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाला ८ किंवा १६ हजार नोंदींवर उतरतो आणि गाणे डब्यातून आल्यासारखे वाटते. कॉल संपला की ते पूर्ववत होते. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'डेटा बचत' चालू राहिली असेल तर तेही पाहावे. वर्गणी न वाढवता मिळणारी सर्वांत मोठी सुधारणा बहुधा तीच असते.

जुन्या गाण्यांवरील सोनेरी खुणेबाबत थोडे निराळे सांगावेसे वाटते. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत मुळातच उंच स्वर फार थोडे उतरले होते. वरच्या पट्ट्यात सुईची खरखरच अधिक. त्या २४ बिट ९६ किलोहर्ट्झने उतरवल्या तर खरखर मात्र अत्यंत विश्वासूपणे जपली जाते. आमच्या पिढीने आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर सारे ऐकले, जेथे चार-पाच हजार कंपनांपलीकडे फारसे काही पोहोचतच नसे, आणि ती गाणी आजही आमच्या तोंडी आहेत.

तरीही लॉसलेसची एक जागा मला पक्की वाटते, आणि ती कपाटात आहे. आमच्या मातोश्रींच्या आवाजातील ओव्या आणि स्तवनांच्या अकरा कॅसेट घरी आहेत. त्या आता नात संगणकावर उतरवते आहे: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. कॅसेटला एवढ्या बारकाईची गरज नसते, पण मुद्रण करताना आवाजाची पातळी थोडी खाली ठेवता येते आणि अचानक मोठा सूर लागला तरी तो फाटत नाही. जतन फ्लॅकमध्ये. कारण एमपी३ पुन्हा कापून, जोडून पुन्हा एमपी३ केली की प्रत्येक वेळी थोडा भाग गळतो, आणि पाच-सहा हातांतून फिरल्यावर तो गळलेला भाग कोणालाही ऐकू येऊ लागतो. नातेवाइकांना पाठवतानाही ती व्हॉट्सअ‍ॅपवर Document म्हणून फाइल जोडते. फोन स्पीकरसमोर धरून व्हॉइस मेसेज करत नाही. पाच मिनिटांची ओवी फ्लॅकमध्ये तीस-पस्तीस एमबी होते, २५६ एएसीत साडेनऊ. अमेरिकेतल्या भाचीला साडेनऊची प्रत गेली आहे, आणि तीस-पस्तीसची दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली आहे. चौथ्या कॅसेटची फीत मध्येच चिकटली आहे; ती सोडवण्यासाठी जाणकार माणसाचा शोध चालू आहे.